आत घेतलेल्या श्वासाचा आवाज

बेळगाव आणि त्याच्या भोवतालच्या तालुक्यांत गेली तीस वर्षे लहान मुलांवर उपचार करताना मला खोकला रोज दोन भाषांतून ऐकावा लागतो. मराठी आई सांगते, "डॉक्टर, ह्याला डांग्या झालाय वाटतं." कन्नड आई सांगते, "नायिकेम्मु आगेद्री." या कन्नड शब्दाचा शब्दशः अर्थ कुत्र्याचा खोकला असा होतो आणि तो वापरला जातो तो डांग्या खोकल्यासाठीच. अडचण अशी की, डांग्या खोकला झालेले मूल सहसा भुंकत नाही. ते दम न घेता एकामागून एक खोकत राहते, त्याचा चेहरा लालबुंद होतो, उबळीच्या शेवटी लांब हूप काढत ते श्वास ओढते आणि पुष्कळदा ओकते. खरोखर कुत्र्यासारखा, रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून यावा तसा कोरडा आणि घोगरा खोकला येतो तो वेगळ्याच आजारात. त्या आजाराला आमच्या दोन्ही भाषांमध्ये रुळलेले नाव नाही. डॉक्टर त्याला क्रूप म्हणतात, आणि हा शब्द अजून घराघरांत पोहोचलेला नाही.

नाव चुकले तर काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे की, डांग्या हा आपल्याकडे शंभर दिवसांचा खोकला म्हणून ओळखला जातो, त्यामुळे ते नाव एकदा उच्चारले गेले की घरातील वडीलधारी माणसे लांबच्या प्रवासाची तयारी करतात, म्हणजे काढे, मध आणि 'सकाळी बघू'. क्रूपचा हिशेब मात्र दिवसांत होत नाही, तो तासांत होतो. बहुतेक मुले त्यातून काही न करताही दोन-तीन रात्रींत बरी होतात, आणि थोड्या मुलांना त्याच रात्री औषधाची गरज असते. या थोड्या मुलांना बाकीच्यांतून वेगळे कसे काढायचे, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे कानाने आणि डोळ्यांनी देता येते.

हे मी ज्या रात्रीच्या आधारे सांगणार आहे ती माझ्याच माहेरची आहे. नोव्हेंबर सरत आला होता, भाताची मळणी चालू होती, आणि माझ्या भाच्याचा उचगावहून रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. त्याचा सोळा महिन्यांचा मुलगा, घरात त्याला चिनू म्हणतात, झोपेतून दचकून उठला होता आणि विचित्र खोकत होता. "आत्या, कुत्रं भुंकाय लागल्यागत आवाज येतोय, आणि श्वास घेताना घुर्र घुर्र कराय लागलाय," असे तो म्हणाला. मागून वहिनींचा आवाज येत होता: डांग्याच तो, माझ्या धाकट्या दिरालाही झाला होता.

मी त्याला फोन मुलाच्या तोंडाजवळ धरायला सांगितला आणि अर्धा मिनिट कुणीही बोलू नका, असे बजावले. त्या अर्ध्या मिनिटात मला तीनदा भुंकल्यासारखा खोकला ऐकू आला, बसलेल्या आवाजातले रडणे ऐकू आले, आणि रडण्याच्या मध्ये, श्वास आत घेताना, एक करकरीत, ताणलेला आवाज आला. हा तिसरा आवाज महत्त्वाचा असतो. दम्यात किंवा छातीतल्या कफात जी शिटी वाजते ती मुख्यतः श्वास सोडताना वाजते, कारण तिथे अडथळा फुप्फुसातल्या बारीक नळ्यांमध्ये असतो. क्रूपमध्ये अडथळा गळ्यात, स्वरयंत्राच्या लगेच खाली असतो, आणि तो श्वास आत घेताना बोलतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नारळपाणी पिताना कागदाची नळी भिजून मऊ पडली आणि आपण जोराने ओढले, तर ती मधोमध चपटी होते, आणि जितके जोराने ओढावे तितकी अधिक चपटी होते. लहान मुलाचा वरचा श्वासमार्ग तसाच मऊ असतो. त्यात स्वरयंत्राखाली कूर्चेचे एक पूर्ण गोल कडे असते, अंगठीसारखे, आणि कडे पूर्ण असल्यामुळे आतल्या अस्तराला सूज आली की तिला बाहेर पसरायला जागा उरत नाही. ती आतच येते. तान्ह्या मुलाच्या त्या ठिकाणच्या चार मिलिमीटर व्यासाच्या वाटेत सगळीकडून फक्त एक मिलिमीटर सूज आली, तर उरलेली वाट एक चतुर्थांश होते आणि हवेला होणारा विरोध सोळापट होतो. मोठ्या माणसाची वाट साधारण आठ मिलिमीटरची धरली, तर तेवढ्याच सुजेने विरोध जेमतेम तिप्पट होतो. म्हणूनच तोच विषाणू भाच्याच्या नाकातून पाणी काढून थांबला होता आणि त्याच्या मुलाला रात्री उठवून बसवत होता. बहुतेक वेळा हा विषाणू पॅराइन्फ्लुएन्झा गटातला असतो. साध्या सर्दीसारखाच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयातच त्याचा हा गळ्यातला तमाशा सर्वांत जास्त दिसतो.

फोनवर मी भाच्याला जे प्रश्न विचारले त्यांचा क्रम मी इतक्या वर्षांत बदललेला नाही. पहिला प्रश्न असा की, हे आधीपासून चालू होते की अचानक आले. दोन दिवस सर्दी होती, अंग थोडे कोमट होते, आणि संध्याकाळपासून आवाज बसला होता, असे त्याने सांगितले. ही क्रूपची नेहमीची चाल आहे. सर्दी नाही, ताप नाही, आणि मूल खेळता-खेळता किंवा खाता-खाता एकदम गुदमरले असे उत्तर आले असते, तर माझे डोके दुसरीकडे गेले असते. भुईमुगाच्या दिवसांत आमच्या भागात तर मी हा प्रश्न दोनदा विचारते, कारण श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा मी दुर्बिणीने काढताना पाहिलेला आहे आणि त्या मुलालाही आधी कुणीतरी 'खोकला' म्हणून चार दिवस औषध दिले होते.

दुसरा प्रश्न असा की, लाळ गळते आहे का आणि पाणी गिळता येते का. चिनूने थोड्या वेळापूर्वी आईचे दूध ओढले होते. मूल तापाने फणफणले आहे, मान पुढे काढून, तोंड उघडे ठेवून, हातांवर भार देऊन ताठ बसले आहे, लाळ गिळत नाही आणि खोकतही नाही, असे चित्र असेल तर ते क्रूपचे चित्र नसते. स्वरयंत्रावरच्या झाकणाला आलेली सूज तशी दिसते आणि ती फार वेगाने वाट बंद करू शकते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलेंट लसीमुळे तो आजार आता विरळा झाला आहे. त्याच लसीत घटसर्पापासूनचे संरक्षणही असते, म्हणून माझा तिसरा प्रश्न नेहमी लसीचे कार्ड कुठे आहे हा असतो. घटसर्प आपल्या भागातून पूर्णपणे गेलेला नाही. लस न घेतलेल्या मुलाचा घसा बसला, मान सुजली आणि घशात करडा पापुद्रा दिसला, तर तो क्रूप समजून घरी ठेवण्याची चूक महागात पडते. मात्र हा पापुद्रा पाहण्यासाठी चमचा घालून कुणी घरी घसा तपासू नये. अरुंद झालेल्या वाटेशी चमच्याने खेळणे हे दवाखान्यातही सगळी तयारी ठेवूनच केले जाते.

चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी होता. मी त्याला सांगितले की दिवा लाव, मुलाची बंडी वर कर, त्याला आईच्या कुशीत शांत होऊ दे, आणि तो रडायचा थांबल्यावर मला सांग की तो करकर आवाज थांबला का. रडताना येणारा आवाज आणि स्वस्थ बसलेला असताना येणारा आवाज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रडताना मूल जोराने हवा ओढते, मऊ नळी चपटी होते, आणि हलक्या क्रूपमध्येही आवाज येतो. स्वस्थ बसल्यावर आवाज गेला, श्वास सहज चालला आणि मूल आजूबाजूला बघू लागले, तर रात्र बहुधा घरी काढता येते. स्वस्थ असतानाही आवाज येत राहिला, तर घरी थांबू नये.

दोन-तीन मिनिटांनी भाचा म्हणाला, "शांत झालाय, पण बारीक आवाज येतोच आहे. आणि गळ्याच्या खाली, हाडाच्या वर, खड्डा पडतोय. बरगड्यांखाली पण थोडं आत ओढतंय." लगेच त्याने जोडले, "पण ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवतंय, आत्या." कोरोनानंतर घरोघरी आलेले ते बोटाला लावायचे यंत्र त्याने चिनूच्या अंगठ्याला लावले होते. मी त्याला ते कपाटात ठेवायला सांगितले. फुप्फुसाच्या आजारात त्या आकड्याला अर्थ असतो, परंतु गळ्यातल्या अडथळ्यात मूल जास्त कष्ट करून, छाती ओढून, तो आकडा बराच वेळ टिकवून धरते, आणि आकडा घसरतो तेव्हा मूल थकलेले असते. त्या क्षणी मुलाची छाती मला जे सांगत होती ते यंत्रापेक्षा अधिक खरे होते. ओठ निळसर पडले, मूल निपचित पडले किंवा ओढ असूनही आवाज क्षीण होत गेला, तर ती सुधारणा समजू नये. तेव्हा १०८ ला फोन करण्याशिवाय दुसरा विचार करू नये.

"निघा," मी म्हटले, "मी तिथे येते." मग मला भांड्याचा आवाज ऐकू आला आणि मी विचारले की स्वयंपाकघरात काय चालले आहे. वहिनींनी पातेल्यात ओवा टाकून पाणी उकळत ठेवले होते. मुलाला चादरीखाली घेऊन वाफ द्यायची, म्हणजे कफ सुटेल, असा त्यांचा बेत होता. मी त्यांना गॅस बंद करायला सांगितले, आणि माझा आवाज बहुधा गरजेपेक्षा कडक झाला असावा, कारण त्या नंतर आठवडाभर माझ्याशी जपून बोलत होत्या.

तो कडकपणा त्यांच्यासाठी नव्हता. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः क्रूपच्या मुलांना वाफ द्यायला सांगत असे. आम्हाला तसेच शिकवले होते आणि मोठ्या रुग्णालयांत मुलांना दमट हवेच्या तंबूत ठेवण्याची पद्धत होती. खानापूर तालुक्यातील एका आईने माझे ऐकले. तिने मांडीवर मूल घेतले, समोर पातेले ठेवले, वरून घोंगडे घेतले, आणि गुदमरलेल्या मुलाने अंधारात पाय झाडला. क्रूप दुसऱ्या दिवशी उतरला. मांडीवरची भाजल्याची जखम भरायला सहा आठवडे लागले. त्या आईने मला कधी बोल लावला नाही आणि त्यामुळे ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

पुढे जे अभ्यास झाले त्यांनी या पद्धतीचा आधारच काढून घेतला. २००६ मध्ये कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी १४० मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात मध्यम क्रूप असलेल्या मुलांपैकी काहींना पूर्ण दमट हवा दिली, काहींना कमी दमट, आणि काहींना फक्त नावापुरती. तिन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. ते बरोबरच आहे, कारण क्रूपमध्ये अडथळा अस्तराच्या सुजेचा असतो, चिकटलेल्या कफाचा नसतो, आणि वाफेने सूज उतरत नाही.

थंड हवेची गोष्ट वेगळी आहे. भाच्याने मुलाला शाल पांघरून अंगणात आणले आणि गाडी काढेपर्यंतच्या पाच मिनिटांत चिनूचा आवाज कमी झाला. गाडीत मी काचा थोड्या उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या, आणि हिंडलगा ओलांडेपर्यंत मूल आईच्या खांद्यावर डोके ठेवून जवळजवळ शांत झाले होते. रात्रीची थंड हवा लागली की क्रूपचे मूल सुधारते, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, पण तिची नीट चाचणी झाली नव्हती. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या डॉक्टरांनी ती केली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. एकूण ११८ मुलांना क्रूपचे नेहमीचे औषध दिले, आणि त्यांच्यापैकी अर्ध्या मुलांना दहा अंशांखालच्या बाहेरच्या हवेत अर्धा तास बसवले. अर्ध्या तासाने बाहेर बसलेल्यांपैकी सुमारे निम्मी मुले स्पष्टपणे सुधारली होती, आत बसलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश. तो परिणाम तात्पुरता असतो आणि बेळगावची हिवाळी रात्र जिनिव्हाएवढी थंड नसते, हे दोन्ही ध्यानात ठेवून मी एवढेच म्हणेन की, औषध मिळेपर्यंतचा वेळ अंगणात किंवा उघड्या खिडकीजवळ काढणे शहाणपणाचे आहे, अर्थात मुलाचे अंग झाकलेले ठेवून.

यातून एक फसगत मात्र होते. आई-वडील अर्धमेल्या अवस्थेत मूल घेऊन धावतात, वाटेतल्या हवेने ते निवते, आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत ते हसत असते. काही जण तिथूनच परत फिरतात. हिंडलग्याजवळ भाच्याने मला फोन करून विचारलेच, "बरा वाटतोय, आत्या. वळू का?" शांत बसलेला असताना आवाज येत होता आणि छाती ओढली जात होती, ही खूण एकदा दिसली की वाटेत मूल सुधारले तरी डॉक्टरांनी पाहायला हवे. मी नको म्हटले.

रुग्णालयात मी पोहोचले तेव्हा रात्रपाळीचा तरुण डॉक्टर दम्याच्या मुलांना देतात ते औषध वाफेच्या यंत्रात भरत होता, आणि परिचारिका मुलाला सलाईनची सुई लावायला आडवे करण्याच्या बेतात होती. त्या डॉक्टरला दोष देण्याचे कारण नाही. घुरघुर ऐकली की हात त्या औषधाकडे जातो. परंतु ते औषध फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करते, आणि चिनूची अडचण त्या नळ्यांमध्ये नव्हती. सुईचे तर मला खरोखर भय वाटले. मूल रडले की श्वास ओढण्याचा जोर वाढतो आणि नळी चपटी होते हे वर सांगितलेच आहे. म्हणून क्रूपच्या मुलाला आईच्या मांडीवरून न उचलणे हा उपचाराचाच भाग आहे. रक्ततपासणी, एक्स-रे, घशात चमचा, तोंडावर घट्ट धरलेला मुखवटा, यांपैकी जे टाळता येईल ते टाळावे. आम्ही चिनूला आईच्या मांडीवरच तपासले, भाच्याला वजनकाट्यावर मुलासह आणि मुलाशिवाय उभे करून वजन काढले, आणि ते दहा किलो भरले.

खऱ्या औषधाचे नाव डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे, आणि हा शब्द ऐकताच आमच्याकडील आई-वडिलांचे चेहरे बदलतात, त्यामुळे मी नेहमी दोन मिनिटे थांबून सांगते की महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम आणि एकदाच घेतलेला घोट यांची गल्लत करू नये. शरीर स्वतःच कॉर्टिसोल नावाचे याच जातीचे संप्रेरक तयार करते, त्याची पातळी रात्री सर्वांत खाली जाते, आणि क्रूप मध्यरात्री का उठतो याचे एक कारण तेच मानले जाते. डेक्सामेथासोन गळ्यातली सूज उतरवते आणि एका घोटाचा परिणाम दोन-तीन दिवस पुरतो, म्हणजे जवळजवळ सगळा आजार झाकतो. रूढ मात्रा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम अशी आहे. काही देशांत ०.१५ मिलिग्रॅम देतात आणि तीही काम करते. चिनूसाठी आम्ही ६ मिलिग्रॅम ठरवले. आपल्याकडे गोळी बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे बारा गोळ्या कुटून पाजाव्या लागल्या असत्या. म्हणून आम्ही मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असलेली इंजेक्शनची बाटली घेतली, दीड मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढले, सुई काढून टाकली, साखरेच्या पाण्यात मिसळले आणि गालाच्या आतून हळूहळू तोंडात सोडले. तोंडाने दिलेले हे औषध टोचण्याइतकेच चांगले काम करते. मात्रा ठरवणे आणि मुलाला नुकताच कांजिण्यांचा संसर्ग झालेला नाही ना हे विचारणे डॉक्टरचे काम आहे. औषधाच्या दुकानातून आणून घरी द्यायची ही गोष्ट नव्हे.

हलक्या क्रूपमध्येही याचा उपयोग होतो का, असा प्रश्न मला सहकारीसुद्धा विचारतात. कॅनडात ७२० मुलांवर झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सगळ्या मुलांचा क्रूप हलकाच होता. नुसते चवीचे पाणी मिळालेल्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुलांना पुन्हा डॉक्टरकडे आणावे लागले, औषधाचा एक घोट मिळालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत हसत आलेल्या, पण रात्री भुंकलेल्या मुलालाही मी हा घोट देते.

डेक्सामेथासोनला काम सुरू करायला वेळ लागतो, कधी अर्धा तास, कधी दोन तास, आणि चिनूची छाती तोवर ओढली जात होती. म्हणून मधल्या वेळासाठी अ‍ॅड्रिनलिनची वाफ दिली. ही वाफ पातेल्यातली नव्हे. यंत्रातून येणारे औषधाचे थंड तुषार असतात आणि ते सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसून वाट तात्पुरती मोकळी करतात. किलोमागे अर्धा मिलिलिटर या हिशेबाने ५ मिलिलिटर औषध यंत्रात गेले. मुखवटा तोंडावर न बांधता आईने तो मुलाच्या नाकासमोर धरला, भाच्याने मोबाइलवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ लावले, आणि पंधरा मिनिटांत गळ्याखालचा खड्डा दिसेनासा झाला. भाचा उठून चपला शोधू लागला. मी त्याला बसवले, कारण या औषधाचा जोर सुमारे दोन तासांत ओसरतो, आणि तोवर डेक्सामेथासोनने काम सुरू केले नसेल तर मूल पुन्हा पहिल्या अवस्थेत येते, तेही घराच्या वाटेवर. आम्ही पहाटे सहापर्यंत थांबलो. चार तास आवाज परतला नाही, तेव्हा चिनूला घेऊन ते घरी गेले.

त्या चिठ्ठीत प्रतिजैविक नव्हते, कारण विषाणूवर ते चालत नाही. खोकल्याचे औषधही नव्हते. झोप आणणारे सिरप थकलेल्या मुलाची श्वास ओढण्याची धडपडच मंद करू शकते, आणि सर्दी-खोकल्याच्या एका प्रचलित मिश्रणावर तर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेला आहे. ताप आल्यास पॅरासिटामॉल, थोडे-थोडे दूध-पाणी, आणि पुढच्या दोन रात्री आई-वडिलांपैकी एकाने मुलाशेजारी झोपणे, एवढेच लिहिले होते. दुसऱ्या रात्री चिनू दोनदा भुंकला, पण श्वास आवाज करत नव्हता. तिसऱ्या दिवशी खोकला ओला झाला आणि मग साध्या सर्दीसारखा आठवडाभर रेंगाळला. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, किंवा क्रूप पुन्हा-पुन्हा होत असेल, तर श्वासमार्गाच्या रचनेतच काही दोष नाही ना हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे लागते. चिनूच्या बाबतीत तशी गरज नव्हती.

त्या रात्री भाच्याने, मला पाठवण्यासाठी म्हणून, अंगणात जाण्यापूर्वीचा चाळीस सेकंदांचा आवाज फोनवर टिपून ठेवला होता. त्याच्या परवानगीने तो मी माझ्या फोनमध्ये ठेवला आहे. रात्री मुलाला काहीतरी झाले एवढेच ज्यांना सांगता येते, त्यांना ओपीडीत मी नाव विचारत नाही, तो आवाज ऐकवते. काही जण मान हलवून म्हणतात, नाही, आमच्या मुलाची शिटी श्वास सोडताना वाजते, आणि मी छातीकडे वळते. गेल्या आठवड्यात चिकोडीकडची एक आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती आणि कागदावर कुणीतरी नायिकेम्मु असे लिहून दिले होते. मी फोन तिच्या कानाजवळ धरला. भुंकणे ऐकून ती गप्प राहिली; मग त्या करकरीत, आत ओढलेल्या श्वासापाशी तिने माझा हात धरला. "हौद्री," ती म्हणाली, "इदे, इदे." मी मुलीला तिच्या मांडीवरच राहू दिले आणि फ्रॉक वर करून बरगड्या पाहिल्या.